चौसष्ट हजारांची शिल्लक

आमच्या लेआउटात कोजागिरीची बैठक मैदानावर होते. एका कोपऱ्यात दुधाचं पातेलं, समोर समाजभवनाच्या भिंतीला बांधलेली पांढरी चादर, मधे सतरंज्या आणि मागे गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या. दूध आटेपर्यंत गणेशोत्सवाचा जमा-खर्च सांगायचा, मग दूध प्यायचं आणि घरी जायचं. आधी खजिनदार काका वहीतून वाचून दाखवत. २०२४ च्या कोजागिरीला पहिल्यांदा प्रोजेक्टर आला आणि त्याच रात्री पहिल्यांदा भांडणही झालं.

मी तेव्हा कार्यकारिणीत नव्हते, खुर्चीत बसून बघत होते. सचिव दादांनी भगव्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत बावीस ओळींचा तक्ता लावला होता आणि मागे फिकट गणपती होता. खुर्च्यांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. वाचता आल्या त्या शेवटच्या तीन ठळक ओळी: एकूण जमा ४,८६,३००, एकूण खर्च ४,२१,७००, शिल्लक ६४,६००. त्यानंतरची स्लाइड होती, ‘पुढील वर्षापासून वर्गणी १,००१ ऐवजी १,२५१ करण्याचा प्रस्ताव’.

मागून एक काका उठले. "चौसष्ट हजार उरून राहिले न भाऊ, मग वर्गणी कायले वाढवता?"

याला उत्तर होतं, पण ते स्लाइडवर नव्हतं आणि कोणाला तोंडानंही नीट सांगता आलं नाही. दहा मिनिटांत गोष्ट ‘मागच्या वर्षीचे पैसे कुठं गेले’ इथवर आली. कोणी म्हणालं, जमा पावणेपाच लाखांच्या वर दाखवता, पण पावती बुकं मोजली तर एवढी होत नाहीत. खजिनदार काका सत्तरीचे आहेत आणि रिक्षाचे वीस रुपयेही व्हाउचरवर लिहितात. ते काही न बोलता उठले आणि वही काखेत मारून घरी गेले. दूध करपलं होतं, हे मला अजून आठवतं.

मी एका ऑडिटरच्या ऑफिसात काम करते. आठ दिवसांनी सचिव दादा घरी आले. "ताई, तुम्ही तरी बघा. पैसे कोणी खाल्ले नाहीत, पण तसं दिसून राहिलं."

ते खरंच होतं. पैसे जागेवर होते आणि बेरीजही बरोबर होती. घोटाळा ओळींच्या नावात होता.

वही उघडली तेव्हा कळलं की ‘एकूण जमा’मध्ये पहिली ओळ ‘मागील शिल्लक ७१,२००’ ही होती. काकांची वही जमा-खर्चाची आहे. डाव्या बाजूला हाती असलेलं आणि आलेलं, उजव्या बाजूला गेलेलं, खाली उरलेलं. वही म्हणून ती अगदी चोख आहे. तिच्यात मागची शिल्लक वरच लिहायची असते, नाहीतर शेवटी पेटीतल्या पैशांशी मेळ बसत नाही. पण तीच बेरीज पडद्यावर ‘एकूण जमा’ म्हणून आली की बघणारा ती ‘यंदाची कमाई’ म्हणून वाचतो. ७१,२०० वजा केले तर यंदा आलेले पैसे ४,१५,१०० च होते आणि खर्च ४,२१,७००. म्हणजे त्या वर्षी मंडळाचे ६,६०० रुपये तुटले होते. वर्गणी वाढवायची होती ती म्हणूनच. स्लाइडनं मात्र तुटीचं वर्ष चौसष्ट हजारांच्या नफ्याचं करून दाखवलं आणि लगेच खाली वाढ मागितली.

आणखी खोलात गेल्यावर तूटही साडेसहा हजारांची राहिली नाही. मंडपवाल्याकडे ठेवलेली १०,००० ची अनामत खर्चात धरली होती. ते पैसे परत येणारच होते आणि कोजागिरीनंतर चार दिवसांनी आलेही. उलट लायटिंगचं २२,५०० चं बिल बैठकीपर्यंत आलंच नव्हतं, म्हणून खर्चात नव्हतं. लाइट तर त्याच गणपतीत लागले होते. हे दोन्ही जागेवर ठेवले की २०२४ चा खरा खर्च ४,३४,२०० आणि खरी तूट १९,१०० होते. अनामत आणि राहिलेलं बिल या दोनच गोष्टी जवळपास प्रत्येक मंडळाच्या हिशोबात इकडच्या तिकडे होतात. ओळखायची खूण साधी आहे. मंडप, लाइट, साउंड, भांडी, मूर्ती, ढोल-ताशा अशी ज्यांच्याकडून काम घेतलं त्यांची यादी घ्यायची आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारायचा, ‘यांचं काही द्यायचं किंवा यांच्याकडून काही घ्यायचं राहिलं का?’ वही हे सांगत नाही, कारण वहीला फक्त हातातून गेलेला पैसा माहीत असतो.

जुलै २०२५ मध्ये हे सगळं मी एका कागदावर लिहून दिलं, त्याच्या झेरॉक्स घरोघर गेल्या आणि १,२५१ ची वर्गणी फारशी कुरकुर न होता मंजूर झाली. बक्षीस म्हणून पुढच्या कोजागिरीच्या स्लाइड्सचं काम माझ्या गळ्यात पडलं.

२०२५ चा गणपती २७ ऑगस्टला बसला आणि ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. कोजागिरी ६ ऑक्टोबरला, म्हणजे हातात बरोबर महिना. त्यातले तीन आठवडे स्लाइडला हातच लावला नाही. पावती बुकं, बँकेचं स्टेटमेंट आणि वही हे तिन्ही एका आकड्यावर येईपर्यंत पॉवरपॉइंट उघडायचं नाही, असं मी सचिव दादांना सांगून टाकलं होतं. त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. त्यांना आधी टेम्प्लेट निवडायचा होता.

पावती बुकांचा मेळ पैशांपासून नाही, पावत्यांच्या नंबरांपासून सुरू करायचा असतो. आम्ही पाच बुकं छापली होती, प्रत्येकात पन्नास पावत्या, म्हणजे २५०. वापरलेल्या १८५ निघाल्या, रद्द केलेल्या ६ आणि कोऱ्या ५९. बेरीज २५० आली, म्हणजे एकही पान गायब नाही. रद्द पावतीची मूळ प्रत आणि कार्बन प्रत दोन्ही बुकात हव्यात. फक्त कार्बन प्रत असेल आणि मूळ प्रत कोणाच्या तरी घरी असेल, तर ती पावती रद्द नाही. आमच्या सहाही जोडीनं होत्या.

मग पैसे. मंडपात मंडळाच्या खात्याचा क्यूआर कोड लावला होता आणि अर्ध्याहून जास्त वर्गणी त्यावरच आली. बँकेत आलेली वर्गणी पावत्यांवरच्या ऑनलाइन वर्गणीपेक्षा २,५०२ नं जास्त निघाली. जास्त आहे म्हणून सोडून द्यायचा मोह होतो, पण २,५०२ म्हणजे १,२५१ च्या दुप्पट. इतका नेटका फरक पडला की समजावं, बेरीज चुकलेली नाही, पावत्या राहिल्या आहेत. स्टेटमेंटमध्ये १,२५१ च्या सगळ्या नोंदी तारखेनं लावल्या आणि एकेक पावती जुळवत गेलो. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी दोन नोंदी उघड्या राहिल्या. आरतीच्या गर्दीत दोन घरांनी स्कॅन करून पैसे दिले होते आणि पावती फाडायची राहून गेली होती. काकांनी स्वतः जाऊन पावत्या दिल्या. वापरलेल्या १८७ झाल्या, कोऱ्या ५७ उरल्या आणि वर्गणी २,६१,४५० वर थांबली.

यानंतर स्लाइडला बसलो तर पहिला अडथळा भलताच निघाला. काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवरची एक्सेल फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तेव्हा ‘जमा’च्या जागी `tek` आणि ‘खर्च’च्या जागी `[kpZ` दिसत होतं. ते कृतिदेवात टाइप केलं होतं. या जुन्या फाँटमध्ये साठवली जातात इंग्रजी अक्षरंच, फक्त त्यांचे आकार देवनागरी असतात. फाँट नसलेल्या मशीनवर मुखवटा उतरतो. सगळे मथळे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले आणि अक्षरांसाठी Nirmala UI घेतला, कारण तो विंडोजबरोबरच येतो. तरीही बैठकीला दुसऱ्याचाच लॅपटॉप येणार हे माहीत असल्यानं पीडीएफ करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवली. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो.

आकड्यांचा स्वल्पविराम हा दुसरा छळ. एक्सेल आपण होऊन 407,240 असं लिहितं आणि आपल्या लोकांना ते चारशे सात की चार लाख हे चटकन कळत नाही. त्यासाठी Format Cells मध्ये Custom खाली हे टाकलं:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

आता आकडा 4,07,240 असा दिसू लागला. खर्च मात्र अजूनही -381,800 असाच. कारण या सूत्रात पहिले दोन भाग फक्त मोठ्या धन संख्यांसाठी आहेत आणि ऋण संख्या तिसऱ्या भागात जाऊन पडते, जिथे नेहमीचा इंग्रजी स्वल्पविराम आहे. खर्च धन संख्येतच लिहायचा आणि वजाबाकी सूत्रात करायची, एवढंच त्याचं औषध.

आता मुख्य स्लाइड. मी पहिल्यांदा पायऱ्यांचा आलेख केला होता, आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांना दाखवतो तसा. सुरुवातीचा खांब, त्यावर तरंगणारा जमेचा, तिथून खाली उतरणारा खर्चाचा, शेवटी उरलेला. माझ्या मते देखणा होता. शेजारच्या काकूंना दाखवला. त्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत आणि भिशीचा हिशोब तोंडपाठ ठेवतात. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा डब्बा वरतीच काऊन लटकून राहिला?" आलेख तिथेच काढून टाकला. त्याच्या जागी शाळेतल्या फळ्यावर मांडतात तशी बेरीज-वजाबाकी लिहिली:

गेल्या कोजागिरीला दाखवलेली शिल्लक: ६४,६००
मंडपवाल्याकडून परत आलेली अनामत: + १०,०००
गेल्या वर्षीचं राहिलेलं लायटिंगचं बिल: − २२,५००
यंदाची खरी सुरुवात: ५२,१००
यंदा आलेले: + ४,०७,२४०
यंदा गेलेले: − ३,८१,८००
आज मंडळाकडे: ७७,५४०

काकूंनी ओठ हलवत वरून खाली वाचलं आणि म्हणाल्या, "हे बरोबर आहे." त्यांनी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली होती. पडद्यावर चालणारी तपासणी ही. बघणाऱ्याला बसल्याजागी करून बघता येईल एवढीच.

वरच्या तीन ओळींवरून कार्यकारिणीत बरंच झालं. खजिनदार काकांचं म्हणणं, मागची चूक उकरून कशाला दाखवायची, सरळ ५२,१०० पासून सुरुवात करा. त्यांचं दुखणं मला कळत होतं. पण गेल्या वर्षीच्या त्या पिवळ्या अक्षरांचा फोटो निदान दहा मोबाइलमध्ये असणार. लोकांच्या डोक्यात ६४,६०० बसलेले आहेत. तिथून न निघता ५२,१०० वरून सुरुवात केली तर मधले साडेबारा हजार कोणी खाल्ले, हा पहिला प्रश्न येणार. मागच्या अहवालातला शेवटचा आकडा यंदाच्या अहवालात पहिला यायलाच हवा, तो चुकीच्या पायावर उभा असला तरी. दुरुस्ती त्याच्या खाली, उघड्यावर. शेवटी काका म्हणाले, "ठीक आहे, पण बोलणार तू." मी हो म्हटलं.

दुसरी स्लाइड दोनच ओळींची. यंदा ४,०७,२४० आले, ३,८१,८०० गेले, २५,४४० वाचले. गेल्या वर्षी ४,१५,१०० आले, ४,३४,२०० गेले, १९,१०० तुटले. वर्गणी वाढूनही जमा कमी दिसते, कारण जाहिराती कमी मिळाल्या. खर्च कमी झाला, कारण ऑर्केस्ट्रा केला नाही आणि मंडप लहान बांधला. ही कारणं स्लाइडवर लिहिली नाहीत, तोंडी सांगायला ठेवली. लिहिलं की लोक वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे कोणी बघत नाही.

एका दुकानदारानं कबूल केलेले जाहिरातीचे ८,००० अजून आले नव्हते. ते जमेत धरले नाहीत, खाली ‘येणे’ म्हणून एकटेच ठेवले, दुकानाचं नाव न घालता. नावांवरून आठवलं. मंडळातल्या एका उत्साही पोराला वर्गणी न दिलेल्या घरांची यादी लावायची होती. "दाखवलं की देतील बरोबर." वर्गणी ऐच्छिक असते, कर नाही. शिवाय त्या यादीत एक घर असं होतं जिथे जूनमध्ये कर्ता माणूस गेला होता. यादी लावली नाही, त्यावर मतदानही घेतलं नाही.

खर्चाची स्लाइड करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. २०२४ मध्ये तिथे अकरा फाकांचा गोल होता, तोही तिरका, थ्री-डी. असा गोल तिरका केला की समोरची फाक फुगते आणि मागची चपटी होते. आकडे तेच असून महाप्रसाद मंडपापेक्षा महाग दिसत होता. आणि एक फाक ‘इतर’ ३८,९०० ची होती, मूर्तीच्या खर्चाला खेटून. ‘इतर’ जितकं जाड, तितका संशय जाड. उघडून पाहिलं तर आत वीज मीटर, पूजेचं साहित्य, छपाई, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता आणि विसर्जनाच्या छोट्या हत्तीचं भाडं निघालं. एकही गोष्ट लपवण्यासारखी नव्हती. टाइप करणाऱ्याला कंटाळा आला, एवढंच.

यंदा ‘इतर’ हा शब्दच ठेवला नाही. सहा शीर्षकं केली आणि प्रत्येकाला आडवी पट्टी दिली, मोठी वर, लहान खाली, सगळ्या शून्यापासून निघालेल्या. मंडप-लाइट-साउंड १,४८,०००, महाप्रसाद ९६,४००, चितारओळीतून आणलेली मूर्ती ४१,०००, मुलांचे कार्यक्रम आणि बक्षिसं ३८,६००, विसर्जन ३३,५००, आणि शेवटी पूजा-छपाई-वीज-चहापाणी मिळून २४,३००. पट्टीच्या टोकाला आकडा, कुठे वेगळी सूची नाही. सूचीत निळा म्हणजे काय ते शोधायचं आणि परत पट्टीकडे यायचं, हे काम अंधारात बसलेल्या माणसाला देऊ नये.

सचिव दादांना ‘तुमच्या १,२५१ रुपयांचं काय झालं’ अशी स्लाइड हवी होती. कल्पना आकर्षक आहे, मी करूनही पाहिली. पण पैसे फक्त वर्गणीतून आलेले नाहीत, जाहिराती, प्रसादासाठी दिलेली देणगी, दानपेटी हे सगळं त्यात मिसळलेलं आहे. शिवाय आलेले सगळे खर्च झालेले नाहीत. १,२५१ पैकी ४८५ मंडपाला गेले, असं छातीठोक सांगणं खोटं ठरलं असतं. म्हणून ‘खर्च झालेल्या दर १०० रुपयांत’ असं केलं: मंडप ३९, महाप्रसाद २५, मूर्ती ११, कार्यक्रम १०, विसर्जन ९, बाकी ६. हे खरं आहे आणि मुलांनाही समजतं. पूर्ण रुपयात आणल्यावर बेरीज १०० येते का, हे आधी बघून घ्यावं. ९९ किंवा १०१ आली तर कोणीतरी हमखास हात वर करतं.

शेवटची स्लाइड म्हणजे ४ ऑक्टोबरला भरून आणलेल्या पासबुकाच्या पानाचा फोटो, खाते क्रमांकावर पट्टी मारलेली. इथे फसता फसता वाचलो. पासबुकात ८३,२९० होते आणि आमच्या वहीप्रमाणे बँकेत ७१,२९० हवे होते. ढोल-ताशा पथकाला दिलेला १२,००० चा चेक त्यांनी अजून भरलाच नव्हता. हिशोब बरोबर, फोटोही बरोबर, पण दोन्ही शेजारी ठेवले की कोणालाही बारा हजारांची भानगड वाटावी. फोटोखाली मोठ्या अक्षरांत तीन ओळी टाकल्या: पासबुकात ८३,२९०, न वटलेला चेक वजा १२,०००, रोख ६,२५० अधिक. उत्तर ७७,५४०, पहिल्या स्लाइडवरचं तेच. या दोन स्लाइड्सवर तो आकडा मी मुद्दाम एकाच जागी ठेवला, उजवीकडे खाली.

एक क्विंटल तांदूळ आणि तेलाचे दोन पिंप फुकट आले होते. त्यांची किंमत लावून जमेत आणि खर्चात दोन्हीकडे घालता येते, पण मग किंमत कोणत्या भावानं लावली हा नवा वाद. त्यांची नुसती वस्तू लिहून वेगळी स्लाइड केली. पैसे नाहीत, आभार आहेत.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो तो हिशोब याहून वेगळा. वर्गणी जमवण्याची परवानगी तिथून घ्यावी लागते आणि मग नमुन्याप्रमाणे हिशोबही द्यावा लागतो. त्या कागदाच्या दहा प्रती काढून दुधाच्या टेबलावर ठेवल्या. ज्याला बावीस ओळी वाचायच्या त्यानं हातात घेऊन वाचाव्यात. पडद्यावर त्या आणायच्या नाहीत.

बैठकीच्या आदल्या रात्री मैदानावर चादर बांधून पाहिली. चादर सहा फूट रुंद, म्हणजे चित्र साधारण साडेतीन फूट उंच, आणि शेवटची खुर्ची चाळीस-पंचेचाळीस फुटांवर. गेल्या वर्षीचा तक्ता १२ पॉइंटात होता. एवढ्या चादरीवर १२ पॉइंटाची अख्खी ओळ एक इंचाचीसुद्धा होत नाही आणि अक्षराचा पोटभाग त्याच्या निम्माच. मराठीत वर मात्रा, खाली उकार, रफार, म्हणजे तेवढ्या जागेत तीन मजले. काहीच वाचता येणार नव्हतं, ते आलंही नव्हतं. यंदा ३२ च्या खाली काहीही ठेवलं नाही. सात ओळी त्यात आरामात बसतात, नववी बसत नाही. नववी ओळ लिहावीशी वाटली की नवी स्लाइड करायची वेळ झाली, असा माझ्यापुरता ठोकताळा.

रंगांचं त्या रात्रीच समजलं. प्रोजेक्टरचा काळा म्हणजे जिथे प्रकाश पडत नाही ती चादर, आणि मैदानावर हॅलोजन चालू असेल तर ती चादर राखाडी असते. गडद पार्श्वभूमी धुऊन निघते आणि पिवळं अक्षर तर हवेत विरतं. पांढऱ्यावर काळं टिकलं. चंद्राचा काही त्रास नाही. त्रास दुधाच्या पातेल्यावर लावलेल्या हॅलोजनचा होता. तो पातेल्याकडे वळवून घेतला.

६ ऑक्टोबरला मी उभी राहिले तेव्हा गेल्या वर्षीचे काका पहिल्या रांगेतच बसले होते. पहिली स्लाइड आली, त्यांनी मोबाइल काढला आणि जुना फोटो उघडून ६४,६०० ताडून पाहिले. मग लायटिंगच्या बिलावर बोट ठेवून म्हणाले, "हे मागच्याच वर्षी सांगायचं होतं न." मी म्हटलं, "हो काका, सांगायला हवं होतं." त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. पुढची पंधरा मिनिटं प्रश्न आले ते ऑर्केस्ट्रा पुन्हा करायचा का, यावर.

अडले ते काकूंच्या प्रश्नावर, ज्यांना मी सगळ्यात आधी दाखवलं होतं. महाप्रसादाच्या पट्टीवर थांबून त्यांनी विचारलं, "शहाण्णव हजारांत भाजी कितीची? तिची बिलं आहेत का?"

भाजी कॉटन मार्केटमधून पहाटे घेतली होती. तिथे काटा होतो, पैसे दिले जातात, बिल कोणी देत नाही. तशी १७,२०० रुपयांची खरेदी होती. आमच्याकडे दोन माणसांच्या सह्यांची व्हाउचर होती, त्यावर किलो आणि भाव लिहिलेले. त्याला हिशोब म्हणता येतो, पुरावा म्हणता येत नाही. मी तसंच सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी मी येते बाजारात. तिसरी सही माही."

खजिनदार काकांनी वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून घेतलं. मी पेन ड्राइव्ह काढेपर्यंत पातेल्याजवळ रांग लागली होती.